ड्युरेशनचं उत्तर १.७५ की १.८१? पार्टनरला लिहिलेली चिठ्ठी पाठवायच्या आधी कोणीतरी बघून द्या

सहामाही_परीक्षा

नमस्कार मंडळी. मी आणि माझा अभ्यासाचा पार्टनर गेले दोन दिवस एका प्रश्नावरून भांडतोय. समोरासमोर बोललं की आवाज चढतो म्हणून मी त्याला चिठ्ठी लिहून काढलीये, पण पाठवायच्या आधी माझंच कुठे चुकत नाही ना ते बघायचंय. कारण चुकलं तर परीक्षेपर्यंत ऐकावं लागेल.

प्रश्न असा: दोन वर्षं मुदतीचा बाँड, दर्शनी किंमत १००, कूपन ८ टक्के, सहामाही मिळतं. यील्ड ८ टक्के, बाँड पारला म्हणजे १०० लाच मिळतोय. मॉडिफाइड ड्युरेशन काढा, म्हणजे यील्ड एक टक्क्याने हललं तर किंमत साधारण किती टक्क्याने हलेल तो आकडा. पर्याय १.७५, १.८१ आणि १.८९. त्याचं उत्तर १.७५, माझं १.८१. चिठ्ठी खाली देते.

"मित्रा, तुझं मॅकॉले ड्युरेशन बरोबर आहे, तिथे वाद नाही. चार हप्ते, ४, ४, ४ आणि शेवटी १०४, प्रत्येकाची आजची किंमत ४ टक्क्याने काढली, कितव्या सहामाहीत येतो त्याने गुणलं, बेरीज करून १०० ने भागलं, आलं ३.७७५ सहामाही. दोनने भागून १.८८७५ वर्षं. इथपर्यंत तुझी आणि माझी वही सारखी आहे. पुढे तू १.०८ ने भागलंस आणि १.७४७७ आणलंस. तिथे १.०४ ने भागायला हवं होतं, कारण व्याज सहामाही आहे. मग १.८१४९ येतं. १.०८ ने भागणं कधीच बरोबर नसतं, सूत्रात तसं आहे. खात्री हवी असेल तर यील्ड ९ टक्के करून बाँडची किंमत नव्याने काढ. ९८.२०६ येते, म्हणजे घट १.७९४. माझा अंदाज १.८१५ होता, तुझा १.७४८. माझा जवळचा आहे."

हे मी त्याला फोनवर अर्धं सांगितलंय, तर तो म्हणतो, "दोघांचाही अंदाज चुकला, तुझा थोडा वर, माझा थोडा खाली, उरलेला फरक कन्व्हेक्सिटीचा. त्यामुळे तू बरोबर आणि मी चूक असं ठरत नाही." यावर मला काही बोलता आलं नाही आणि मी फोन ठेवला. आता सांगा.

चहा_नंतर

तुमचं १.८१ बरोबर आहे. पण "सूत्रात तसं आहे" हे वाचून तुमचा पार्टनर का वैतागला ते कळलं. सूत्र तर त्यालाही पाठ आहे, कुठलं लावायचं यावरच तर भांडण आहे ना :)

गणितगोटी

अहो एवढं कशाला, एक्सेलला विचारा. MDURATION म्हणून फंक्शन आहे. मी आत्ताच करून बघितलं, १.७८ आलं. म्हणजे दोघंही चुकलात. पर्यायात १.७८ नाहीच, प्रश्नच चुकीचा आहे.

सहामाही_परीक्षा

@गणितगोटी, अरे देवा, आता तिसरंच उत्तर? काय टाकलंत नक्की?

गणितगोटी

हे टाकलं:

```
=MDURATION(DATE(2024,1,1),DATE(2026,1,1),0.08,0.08,1,0)
```

डेस्कवाला

@गणितगोटी, शेवटून दुसरा आकडा बघा. १ म्हणजे वर्षातून एकदा कूपन. प्रश्नात सहामाही आहे, तिथे २ हवा. १ टाकलंत की एक्सेलच्या डोक्यात वेगळाच बाँड तयार होतो, एका वर्षाने ८ आणि दोन वर्षांनी १०८ देणारा. त्याचं मॅकॉले १.९२६ आणि १.०८ ने भागून १.७८३. त्या बाँडसाठी ते अगदी बरोबर आहे, फक्त तो या प्रश्नातला बाँड नाही. २ टाकून बघा.

गणितगोटी

१.८१४९. ठीक आहे, माघार. पण माझं फंक्शन बरोबर होतं, बाँड चुकला एवढंच.

फंडात_अडकलेला

धागा वाचून धसकाच घेतला. माझ्याकडे एक बाँड फंड आहे, त्याच्या माहितीपत्रकात ड्युरेशन ६ लिहिलंय. म्हणजे माझे पैसे ६ वर्षं काढता येणार नाहीत का? मला तर विकणाऱ्याने कधीही काढा म्हणून सांगितलं होतं.

चहा_नंतर

काका, इथे वेगळा विषय चाललाय. ड्युरेशन म्हणजे कुलूप नाही. यील्ड १ टक्क्याने वाढलं तर फंडाची किंमत साधारण ६ टक्क्याने खाली येईल असं समजा. पैसे कधी काढता येतील ते फंडाच्या नियमांवर, या आकड्यावर नाही.

फंडात_अडकलेला

६ टक्के खाली?? त्यापेक्षा ६ वर्षं अडकलेले बरे होते.

हिशोबवही

मी काही परीक्षा बिरीक्षा देत नाही, आयुष्य हिशोब लिहिण्यात गेलं. पण हा प्रश्न मला सूत्राशिवाय दिसतो तसा सांगतो, बघा पार्टनरला पटतो का.

बाँड १०० ला आहे, ८ टक्के देतो. म्हणजे दर सहामाहीला ४. उद्या सकाळी बाजाराने सांगितलं की आता आम्हाला ९ टक्के हवेत, म्हणजे दर सहामाहीला ४.५. तुमचा बाँड मात्र ४ च देणार, त्याच्या कागदावर तेवढंच लिहिलंय. तर हा बाँड धरून बसणाऱ्याला दर सहामाहीला अर्ध्याचा तोटा, चार वेळा. शेवटी १०० परत मिळतातच, त्यात काही फरक नाही. मग किंमत किती खाली यायला हवी? बरोबर या चार अर्ध्यांची आजची जी किंमत असेल तेवढी, ना कमी ना जास्त.

आता ती आजची किंमत जुन्या दराने म्हणजे सहामाही ४ टक्क्याने काढा. १ ची चार वेळची आजची किंमत ३.६३ येते, त्याचं अर्धं १.८१५. हे ताईंचं उत्तर. आणि तीच नव्या दराने, सहामाही ४.५ टक्क्याने काढा, १ ची चार वेळची ३.५८७५, त्याचं अर्धं १.७९४. ही खरी घट, वर किंमत नव्याने काढून आली तीच.

म्हणजे ड्युरेशनने जो अंदाज येतो तो आणि खरी घट यात फरक एवढाच की तोटा तोच, अर्धा अर्धा चार वेळा, फक्त एकदा जुन्या दराने मोजला आणि एकदा नव्या. यात १.०८ कुठून आणायचा ते मला तरी दिसत नाही. १.७४८ हा आकडा या हिशोबात कुठल्याच दाराने आत येत नाही.

सहामाही_परीक्षा

@हिशोबवही, काका तुम्ही हे इतक्या सरळ कसं काय सांगितलंत! मी चार पानं गिरवली होती. यात मला एकदाही मॅकॉले काढावं लागलं नाही.

हिशोबवही

पारला असलेल्या बाँडलाच एवढं सरळ जमतं हो. कूपन आणि यील्ड सारखं असतं म्हणून तोटा दर वेळी सारखा येतो. किंमत १०० सोडून असेल तर थोडं जास्त काम आहे.

चहा_नंतर

हे छानच आहे, पण पार्टनरचा खरा मुद्दा राहिला. तो म्हणतो फरक कन्व्हेक्सिटीचा आहे. त्याला उत्तर द्यायचं असेल तर यील्ड खाली नेऊन बघा. ताई, ७ टक्क्याला किंमत काढा ना.

सहामाही_परीक्षा

काढली. ७ टक्क्याला १०१.८३७ आली, म्हणजे वाढ १.८३७. हिशोबवहींच्या पद्धतीनेही केलं, आता तोट्याऐवजी फायदा अर्धा अर्धा चार वेळा, सहामाही ३.५ टक्क्याने, ३.६७३ चं अर्धं १.८३७, तंतोतंत.

चहा_नंतर

बास मग. वर जाताना १.७९४, खाली येताना १.८३७. दोन्हींची सरासरी १.८१५. तुमचा १.८१४९ बरोबर मधोमध बसलाय. पार्टनरचा १.७४८ दोन्हींच्या खाली आहे.

आता कन्व्हेक्सिटी काय करते ते बघा. साध्या बाँडची किंमत-यील्डची रेषा वाकलेली असते, आणि ती अशी वाकते की धारकाचं भलं होतं. यील्ड वाढलं की घट ड्युरेशनने सांगितल्यापेक्षा कमी होते, यील्ड उतरलं की वाढ सांगितल्यापेक्षा जास्त होते. तुमच्या आकड्यांत तसंच आहे, घट १.८१५ पेक्षा कमी, वाढ जास्त. त्याच्या आकड्यात बघा, त्याने घट १.७४८ सांगितली आणि खरी १.७९४ झाली, म्हणजे सांगितल्यापेक्षा जास्त. कन्व्हेक्सिटीने हे होऊच शकत नाही, ती उलट्या बाजूला ढकलते. त्यामुळे "उरलेला फरक कन्व्हेक्सिटीचा" हे तो म्हणूच शकत नाही, त्याचा फरक चुकीच्या बाजूला पडलाय.

गणितगोटी

हे मस्त आहे. म्हणजे चूक किती आहे यापेक्षा कुठल्या बाजूला आहे ते बघायचं.

मी पण एक करून बघितलं, या वेळी फ्रीक्वेन्सी २ ठेवून :) यील्ड १ टक्का हलवण्याऐवजी फक्त ०.१ टक्का हलवलं. खरी घट ०.१८१३. ताईंचा अंदाज ०.१८१५, चूक ०.०००२. पार्टनरचा ०.१७४८, चूक ०.००६५. हलवण्याचं अंतर दहापट लहान केलं तर ताईंची चूक ०.०२१२ वरून ०.०००२ झाली, म्हणजे जवळपास शंभरपट लहान. पार्टनरची ०.०४६० वरून ०.००६५, म्हणजे सातपटच. वाकडेपणाची चूक अंतराच्या वर्गाने कमी होते, उतारच चुकीचा धरला असेल तर अंतराच्या मागे मागे येते, तिला घालवता येत नाही.

सहामाही_परीक्षा

हे मी चिठ्ठीत घालणार. आता तर त्याला सुटकाच नाही.

डेस्कवाला

थांबा, एवढ्यात विजयोत्सव नको. चिठ्ठीत एक वाक्य आहे, "१.०८ ने भागणं कधीच बरोबर नसतं". ते काढा. ते चूक आहे, आणि तुमचा पार्टनर हुशार असेल तर तेवढंच धरून बसेल.

कशाने भागायचं हे कूपन वर्षातून किती वेळा येतं यावर ठरत नाही, यील्ड कसं सांगितलंय यावर ठरतं. बहुतेक वेळा दोन्ही जोडीने चालतात म्हणून गोंधळ लक्षात येत नाही. "यील्ड ८ टक्के" याचा अर्थ सहामाही ४ आणि दुप्पट करून ८ असेल तर १.०४ ने भागायचं. पण कोणी "वर्षाला एकूण ८ टक्के, व्याजावरचं व्याज धरून" अशा अर्थाने सांगितलं असेल, तर त्या यील्डच्या १ टक्का बदलाला किंमत किती हलेल याचं उत्तर खरोखरच मॅकॉले भागिले १.०८ असं येतं. आणि यील्ड सतत चक्रवाढीने सांगितलं असेल तर भागायचंच नाही, मॅकॉले तेच मॉडिफाइड.

म्हणजे पार्टनरने केलेली क्रिया जगात कुठेतरी बरोबर आहे. या बाँडला नाही, एवढंच.

सहामाही_परीक्षा

म्हणजे प्रश्नातच गोची आहे का? प्रश्नात फक्त "यील्ड ८ टक्के" लिहिलंय, कसं ते नाही.

डेस्कवाला

लिहिलंय, फक्त सरळ नाही. बाँड पारला आहे असं दिलंय ना? आता धरून चाला की ८ टक्के हे वर्षाचं एकूण यील्ड आहे. मग सहामाहीचा दर ८ चं निम्मं नाही, १.०८ चं वर्गमूळ वजा १, म्हणजे ३.९२३ टक्के. त्याने ४, ४, ४, १०४ यांची किंमत काढा. १००.२८ येते. पारला नाही. आणि प्रश्न सांगतो किंमत १०० आहे. म्हणजे ८ टक्के हे सहामाही ४ चं दुप्पटच असायला हवं, दुसरा अर्थ बसत नाही.

असा प्रश्न आला की मी आधी हेच करतो, दिलेल्या यील्डने दिलेली किंमत येते का ते बघतो. आली तर आपण यील्ड बरोबर वाचलंय. ड्युरेशन नंतर.

चहा_नंतर

@डेस्कवाला, इथे माझा थोडा मतभेद. परीक्षा देणाऱ्या मुलाने किंमतीवरून यील्डची पद्धत शोधून काढावी ही अपेक्षा जरा जास्तच नाही का? दोन शब्द लिहिले असते तर काय बिघडलं असतं. मला तर हा प्रश्न सदोषच वाटतो, उत्तर बरोबर असलं तरी.

डेस्कवाला

कामावर कोणी दोन शब्द लिहून देत नाही हो. समोरच्याने सांगितलेलं यील्ड कुठल्या पद्धतीचं ते विचारावं लागतं किंवा किंमतीवरून ओळखावं लागतं. सुरुवातीच्या दिवसांत मी दोन वेगवेगळ्या पद्धतींची यील्ड एका रकान्यात टाकून बाँडची तुलना केली होती, आणि जो बाँड स्वस्त वाटला तो स्वस्त नव्हताच, फक्त वेगळ्या पद्धतीने मोजलेला होता. साहेब काही बोलले नाहीत, नुसती कॅल्क्युलेटरची बटणं दाबून दाखवली. ते जास्त लागलं.

चहा_नंतर

काम वेगळं, परीक्षा वेगळी. पण ठीक, पुढे चला.

पाठांतर_बहाद्दर

मला एक सांगा, भागायचंच का? मॅकॉले १.८९ वर्षं आलं ना, पर्यायातही आहे. मी तर १.८९ लिहून आलो असतो.

गणितगोटी

@पाठांतर_बहाद्दर, तो तिसरा पर्याय तुमच्यासाठीच ठेवलाय :)

भागायचं कारण असं. किंमत म्हणजे प्रत्येक हप्ता भागिले (१ + यील्डचं निम्मं) चा घात, कितवी सहामाही तितका. किंमत यील्डबरोबर किती हलते ते काढलं की घात खाली गुणायला येतो, म्हणून कितव्या सहामाहीत हप्ता येतो त्याने आपण गुणतो. पण त्याच वेळी छेदातला घात एकने वाढतो. तो जास्तीचा एक (१ + यील्डचं निम्मं) सगळ्या हप्त्यांना सारखाच, म्हणून बाहेर काढला. तो म्हणजे १.०४. आणि घातात अर्धं वर्ष लागतं म्हणून २ ने भागणं. दोन्ही भागाकार एकाच जागेवरून आलेत, y/2 मधून. पार्टनरने दोनने भागताना y/2 धरलं आणि शेवटी भागताना y धरलं, एकाच सूत्रात दोन वेगळी यील्ड. चूक तिथे आहे.

```
P = Σ CF_k / (1 + y/2)^k
-dP/dy = (1/2) · 1/(1 + y/2) · Σ k · CF_k / (1 + y/2)^k
```

सहामाही_परीक्षा

"एकाच सूत्रात दोन वेगळी यील्ड" हे वाक्य मी उचलते हं.

पाठांतर_बहाद्दर

कळलं. मग मॅकॉले काढायचंच कशाला, जर वापरायचं मॉडिफाइड?

डेस्कवाला

दोघांची कामं वेगळी आहेत. मॅकॉलेने १९३८ साली ही कल्पना मांडली तेव्हा त्याला किंमत किती हलेल हे मोजायचंच नव्हतं. बाँड "लांब" किती आहे ते नुसत्या मुदतीवरून कळत नाही, कारण मधले हप्तेही असतात, तर ही लांबी मोजायची कशी हा त्याचा प्रश्न होता. म्हणून त्याचं उत्तर वर्षांत येतं. आजही कोणाला ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम द्यायची असेल तर तो मॅकॉले बघतो. या बाँडचं उदाहरण घ्या, साधारण १.८९ वर्षांनी पैसे हवे असतील तर आज यील्ड थोडं हललं तरी फारसं बिघडत नाही. यील्ड वाढलं तर बाँडची किंमत पडते पण मधले हप्ते जास्त दराने गुंतवता येतात, दोन्ही साधारण एकमेकांना भरून काढतात. मॉडिफाइडचं काम निराळं, यील्ड अमुक हललं तर आज किती लागेल.

फंडात_अडकलेला

मग माझ्या फंडाचा ६ हा कुठला, मॅकॉले की मॉडिफाइड?

डेस्कवाला

काका, माहितीपत्रकात बहुतेक दोन्ही दिलेले असतात, एकाखाली एक. मॉडिफाइड थोडा लहान असेल. लहान तो किंमतीच्या चढउतारासाठी बघा.

फंडात_अडकलेला

बघितलं, ६.०० आणि ५.७१. म्हणजे ६ नाही, ५.७१ टक्के पडणार. थोडं बरं वाटलं.

चहा_नंतर

काका फायद्यात गेले.

गणितगोटी

५.७१ ला ६ भागिले १.०५ बसतंय. म्हणजे फंडाचं यील्ड ५ च्या आसपास, वार्षिक पद्धतीने. किंवा १० च्या आसपास, सहामाही पद्धतीने :) वरचीच गंमत परत.

सहामाही_परीक्षा

चला, नवीन चिठ्ठी लिहिली. वाचा, आणि टोमणा राहिला असेल तर सांगा.

"मित्रा, आधी माफी. १.०८ ने भागणं कधीच बरोबर नसतं असं मी म्हणाले ते चूक होतं. ८ टक्के हे व्याजावरचं व्याज धरून वर्षाचं यील्ड असतं तर तुझा भागाकार बरोबर ठरला असता. पण तसं असतं तर बाँडची किंमत १००.२८ आली असती, आणि प्रश्नात बाँड १०० ला आहे. म्हणून ८ म्हणजे सहामाही ४ आणि ४.

तू सहामाहीला वर्षात बदलताना दोनने भागलंस, म्हणजे तिथे सहामाही ४ धरलेस. मग शेवटी १.०८ ने भागलंस, म्हणजे तिथे वार्षिक ८ धरलेस. एकाच सूत्रात दोन यील्ड झाली.

कन्व्हेक्सिटीबद्दल तू म्हणालास ते मी तपासलं. ९ टक्क्याला घट १.७९४, ७ टक्क्याला वाढ १.८३७. कन्व्हेक्सिटी असली की घट अंदाजापेक्षा कमी आणि वाढ जास्त असते. म्हणजे खरा अंदाज या दोन आकड्यांच्या मध्ये असायला हवा. तुझा १.७४८ दोन्हींच्या खाली आहे, तर तो फरक कन्व्हेक्सिटीचा नाही.

आणि सूत्र बाजूला ठेव, असं बघ. बाजाराला आता दर सहामाहीला ४.५ हवेत, बाँड ४ देतो, चार वेळा अर्धा अर्धा तोटा. त्याची आजची किंमत जुन्या दराने काढ, १.८१५ येते. कुठेच मॅकॉले लागत नाही. यातून १.७४८ तू मला काढून दाखव, मी वही फाडते."

चहा_नंतर

"वही फाडते" सोडून सगळं छान. तेही राहू दे, भांडणाचा मसाला हवाच.

डेस्कवाला

बरोबर आहे. एक छोटी सुधारणा, "साध्या बाँडला" असं घाला. ज्या बाँडमध्ये कर्ज घेणाऱ्याला मुदतीआधी पैसे परत करायची मुभा असते, तिथे कन्व्हेक्सिटी उलटी होऊ शकते, कारण यील्ड उतरलं की तो बाँड परत बोलावला जाण्याची भीती असते आणि किंमत वर चढायची थांबते. तिथे "नेहमी धारकाच्या बाजूने" हे खरं राहत नाही. तुमचा पार्टनर तेवढं शोधून आणेलच.

सहामाही_परीक्षा

घातलं. पाठवली. आता वाट बघते.

हिशोबवही

काय झालं, पडला का फडशा?

सहामाही_परीक्षा

त्याचा निरोप आलाय, जसाच्या तसा देते: "बरं. १.८१. पण तुझी अर्ध्या-अर्ध्याची युक्ती फक्त पारला चालते. शून्य कूपनच्या बाँडला करून दाखव, तिथे कूपनच नाही तर तोटा कसला?"

आता मला खरंच माहीत नाही. काका?

हिशोबवही

पोरगं चांगलं आहे, प्रश्न बरोबर विचारला.

शून्य कूपनमध्ये हातात काही पडत नाही पण बाँडची किंमत आपोआप वाढत जाते, आणि ती वाढच त्याचं व्याज. दोन वर्षांचा, सहामाही ४ टक्क्याचा शून्य कूपन घेतला तर आज ८५.४८. सहा महिन्यांनी ८८.९०, मग ९२.४६, मग ९६.१५, शेवटी १००. बाजाराला ९ टक्के हवेत म्हणजे दर सहामाहीच्या सुरुवातीला जी किंमत असेल तिच्यावर अर्धा टक्का जास्त हवा. म्हणजे तोटा आता १०० वर अर्धा नाही, ८५.४८ वर अर्धा टक्का, मग ८८.९० वर अर्धा टक्का, असा वाढत जाणारा. तो त्या सहामाहीच्या शेवटी लागतो असं धरून आजच्या किमतीत आणा. गंमत म्हणजे किंमत ज्या दराने वाढते त्याच दराने आपण ती मागे आणतो, म्हणून चारही तोटे आज सारखेच येतात, प्रत्येकी ८५.४८ चा अर्धा टक्का भागिले १.०४.

चार वेळा अर्धा टक्का म्हणजे २ टक्के, भागिले १.०४. ड्युरेशन १.९२. त्याच्या सूत्रानेही मॅकॉले २, भागिले १.०४, तेच.

सहामाही_परीक्षा

पाठवलं. तो म्हणतो, "इथे १.०८ ने का नाही भागलं काकांनी?"

हिशोबवही

त्याला म्हणावं आधी किंमत ८५.४८ कशी आली ते बघ. १.०८ चा वर्ग करून भागलं तर ८५.७३ येते.